वीजबिलात कामाचा वाटा किती?

मार्च संपत आला की घरून काम करणाऱ्या अनेकांच्या खर्चाच्या वहीत एक ठरलेली नोंद येते : ‘वीज – बिलाच्या निम्मी’. निम्मीच का, असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा एकच असते. दिवसभर घरीच काम चालते, मग अर्धे बिल कामाचे असणारच. ऐकायला हे पटते. पण त्या घरातला फ्रिज चोवीस तास चालू असतो, सकाळी गिझर लागतो, रात्री दोन खोल्यांत पंखे फिरतात आणि कामाच्या टेबलावरचा संगणक या सगळ्यांच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. हिशेब मांडला की ‘निम्मे’ हा आकडा क्वचितच टिकतो. एखाद्या महिन्यात तो तिप्पटीच्या आसपास फुगलेला निघतो.

हा हिशेब अवघड नाही. त्यासाठी वीजबिल, घरातला मीटर, कामाच्या तासांची साधी नोंद आणि शक्य झाल्यास हजार-दीड हजार रुपयांचा एक स्मार्ट प्लग एवढे साहित्य पुरते.

हा हिशेब कोणाच्या कामाचा?

पहिली गाळणी इथेच लावावी लागते. पगारदार कर्मचारी घरून काम करत असला, तरी आयकराच्या विवरणपत्रात त्याला घरच्या विजेची वेगळी वजावट मिळत नाही. त्याच्यासाठी ठोक प्रमाणित वजावट आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात ती नव्या करप्रणालीत ७५ हजार आणि जुन्या प्रणालीत ५० हजार रुपये होती. वीज किती जळली याच्याशी तिचा संबंध नाही. कंपनी विजेचा खर्च भरून देत असेल, तर तिच्याकडे दावा करताना मात्र हाच हिशेब उपयोगी पडतो.

दुसरा गट अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्यांचा. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, सनदी लेखापाल अशा ठरावीक व्यावसायिकांना १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीएनुसार एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आले असे कायदा धरतो, त्यामुळे विजेचा वाटा पुन्हा वेगळा वजा करता येत नाही.

उरतात ते प्रत्यक्ष जमाखर्च ठेवून नफा काढणारे : ग्राफिक डिझायनर, अनुवादक, ध्वनिसंकलक, शिकवण्या घेणारे, घरून छोटा धंदा चालवणारे. त्यांच्यासाठी नियमाचा गाभा सरळ आहे. खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, तो खासगी स्वरूपाचा नसावा. एकाच बिलात दोन्ही मिसळलेले असतील, तर व्यवसायाचा रास्त वाटा तेवढाच मागता येतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी हे मूळ तत्त्व कायम आहे.

‘रास्त वाटा’ म्हणजे किती टक्के, हे कायदा सांगत नाही. म्हणूनच आकडा कसा काढला याची नोंद त्या आकड्याइतकीच महत्त्वाची ठरते. फोन, गाडी, वीज अशा मिश्र खर्चांवर कर अधिकाऱ्याला आधार दिसला नाही, तर तो खासगी वापरापोटी ठोक टक्केवारी कापून टाकतो. त्या वेळी ‘अंदाजे’ या शब्दापलीकडे काही दाखवता आले पाहिजे.

उपकरणावरचा आकडा आणि खरा वापर

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. वॅट गुणिले तास, भागिले हजार, एवढेच गणित. चूक होते ती वॅटचा आकडा घेताना.

लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलेले असते. तो चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकेल, याचा तो आकडा. बॅटरी भरलेली असताना आणि पडद्यावर नुसते लिखाण चालू असताना लॅपटॉप त्याच्या निम्म्याहूनही कमी घेऊ शकतो. डेस्कटॉप संगणकातही तेच. पेटीवर ४५० वॅटचा पुरवठा संच असे लिहिलेले असले, तरी साध्या कामाला मॉनिटरसह दीडशे वॅटच्या आसपास भागते. लेबलवरचा आकडा तासांनी गुणला की वापर दुप्पट-तिप्पट दिसू लागतो.

पंख्याचे उलट आहे. जुना छताचा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅटच्या आसपास घेतो, तर बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास. कोणता पंखा आहे हे न पाहता आकडा लिहिला, तर उन्हाळ्याचा हिशेब चुकतो. एलईडी ट्यूब २० वॅटची आणि इंटरनेटचा राउटर १० वॅटच्या आसपासचा. या दोन्हींवर फार डोके खर्च करण्याची गरज नाही, कारण महिनाभराचे त्यांचे कामाचे युनिट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

खरा फरक पाडतो तो एसी. इन्व्हर्टर एसीचा वापर दर मिनिटाला बदलतो. खोली गार होईपर्यंत तो जोर लावतो, नंतर मंदावतो. त्याच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात आणि ते वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. त्या युनिटांना १,६०० ने भागले की तासाचा सरासरी वापर कळतो. लेबलवर ७५० युनिट असतील, तर तासाला साधारण ०.४७ युनिट. पण ही वर्षाची सरासरी. मे महिन्यातल्या दुपारी, पश्चिमेकडच्या खोलीत तोच एसी जास्त घेणार. म्हणून एसीपुरते तरी मोजमाप करावेच.

मीटरचा लाल दिवा

स्मार्ट प्लग नसला तरी घरातला मीटर हेच काम करतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या जवळ `3200 imp/kWh` असे काहीतरी छापलेले असते. याचा अर्थ दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. काही मीटरवर हा आकडा १,६०० किंवा वेगळा असतो, म्हणून आपल्या मीटरवर छापलेलाच घ्यायचा.

पद्धत अशी. फ्रिज, पंखे, दिवे असे घरातले बाकी सगळे काही मिनिटे बंद करायचे. फक्त कामाचा संगणक, मॉनिटर आणि राउटर चालू ठेवून नेहमीचे काम करायचे. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर वेळ लावून पाच मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. समजा ४० वेळा लुकलुकला. म्हणजे मिनिटाला ८, तासाला ४८०. ४८० भागिले ३,२०० म्हणजे तासाला ०.१५ युनिट, अर्थात १५० वॅट. हा आकडा कुठल्याही लेबलपेक्षा भरवशाचा, कारण वीज कंपनी ज्या यंत्रावरून बिल काढते त्याच यंत्राने तो दिलेला असतो.

मोजताना एक खूण लक्षात ठेवावी. सगळे बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी काहीतरी चालू आहे : सेट टॉप बॉक्स, वॉटर प्युरिफायर, किंवा चार्ज होत असलेला घरचा इन्व्हर्टर. आधी हा पायाचा वापर मोजून घ्यावा आणि नंतरच्या आकड्यातून वजा करावा. घरचा इन्व्हर्टर नुकत्याच गेलेल्या विजेनंतर बॅटरी भरत असेल तर तो बरेच वॅट ओढतो आणि सगळी मोजणी बिघडवतो. अशा दिवशी मोजूच नये.

एसीसाठी पाच मिनिटे पुरत नाहीत. दुपारी बारा ते चार अशा पूर्ण वेळेचे मीटरचे आकडे टिपावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेत एसी न लावता पुन्हा टिपावेत. दोन्हींतला फरक हा एसीचा वापर. दोन-तीनदा केले की सरासरी हाती येते.

एका टेबलाचा हिशेब

आता हे एका नमुना घरावर लावून पाहू. नाशिकमधले साडेसहाशे चौरस फुटांचे दोन बेडरूमचे घर, महावितरणची घरगुती जोडणी, आणि शंभर चौरस फुटांच्या खोलीत बसून काम करणारी एक ग्राफिक डिझायनर. महिन्याला २४ दिवस, दिवसाला ७ तास, म्हणजे महिन्याला १६८ तास काम.

मोजमापातून संगणक आणि मॉनिटर मिळून १४० वॅट निघाले, महिन्याचे २३.५ युनिट. राउटर दिवसरात्र चालू असतो आणि घरातले सगळेच तो वापरतात, म्हणून फक्त कामाचे तास धरले : १.७ युनिट. खोलीतली ट्यूब ती दिवसाला चार तासच लावते : १.९ युनिट. डिसेंबरमध्ये एवढेच. एकूण २७ युनिट.

मे महिन्यात यात दोन गोष्टींची भर पडते. जुन्या ७५ वॅटच्या पंख्याचे १२.६ युनिट आणि रोज दुपारी चार तास चालणारा एक टनाचा एसी. मोजणीत तो तासाला सरासरी ०.६ युनिट घेताना दिसला, म्हणजे ९६ तासांचे ५७.६ युनिट. मेची बेरीज ९७ युनिटांवर जाते. संगणक तोच आहे, कामाचे तासही तेवढेच आहेत, तरी कामाची वीज साडेतीन पटींहून जास्त झाली. तीही एकट्या एसीने मुख्यतः वाढवली.

हा एसी पूर्णपणे कामाचा धरला, कारण त्या वेळी खोलीत तिच्याशिवाय कोणी नसते. शाळेला सुट्टी म्हणून मुले त्याच खोलीत खेळत असतील, किंवा आजी दुपारी तिथेच आडवी होत असेल, तर तो वाटा कमी धरावा लागेल. एसीची नोंद वहीत वेगळ्या रकान्यात ठेवायची ती यासाठीच.

युनिटचे रुपये करताना

युनिट निघाले, आता दर. इथे घरगुती बिलाची रचना समजून घ्यावी लागते. महावितरणच्या बिलात वापर असो वा नसो लागणारा स्थिर आकार असतो. मग युनिटागणिक वीज आकार आणि वहन आकार, काही महिन्यांत इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. वीज आकार टप्प्याटप्प्याने वाढतो. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, तर १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे दर होता. वहन आकार युनिटला १ रुपया १७ पैसे.

नमुना घराचा मेमधला एकूण वापर २९० युनिट धरू. त्या वर्षीच्या दराने, १२८ रुपये स्थिर आकार धरून आणि इंधन समायोजन बाजूला ठेवून, बिल ३,३५६ रुपये होते. त्यातला स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क वगळले तर ३,२०८ रुपये उरतात, म्हणजे युनिटला सरासरी ११ रुपये ६ पैसे. कामाच्या ९७ युनिटांचे झाले १,०७३ रुपये.

डिसेंबरचा एकूण वापर १३० युनिट. बिल १,२२९ रुपये, स्थिर आकार वगळून १,०८१. युनिटला सरासरी ८ रुपये ३१ पैसे पडतात, कारण बहुतेक वापर स्वस्त टप्प्यात बसला. कामाच्या २७ युनिटांचे २२४ रुपये.

आता ‘निम्मे बिल’ शेजारी ठेवून पाहा. मेमध्ये १,०७३ च्या जागी १,६७८ रुपये लिहिले गेले असते आणि डिसेंबरमध्ये २२४ च्या जागी ६१५. क्षेत्रफळाची पद्धत, म्हणजे साडेसहाशेतले शंभर चौरस फूट म्हणून बिलाच्या १५ टक्के, मेमध्ये ५०३ रुपये देते आणि डिसेंबरमध्ये १८४. खोलीचे भाडे वाटून घेताना क्षेत्रफळ योग्य. वीज मात्र फरशीच्या मापाने जळत नाही, त्यामुळे ही पद्धत एसीच्या महिन्यात व्यवसायावरच अन्याय करते. आणि मेमधला कामाचा ३३ टक्के वाटा वर्षभर तसाच लावला, तर डिसेंबरचा दावा चारशेच्या पुढे जातो. एकच टक्केवारी बारा महिने चालवू नये, निदान उन्हाळा आणि इतर महिने तरी वेगळे करावेत, असे हे आकडे सांगतात.

दराबाबत एक वाद नेहमी निघतो. काहींचे म्हणणे असते की कामाची वीज वरच्या टप्प्यातली धरावी. काम नसते तर ते महागडे युनिट लागलेच नसते. त्या हिशेबाने मेमधला प्रत्येक कामाचा युनिट शुल्कासह १३ रुपये २९ पैशांचा होतो आणि दावा १,२८९ रुपयांवर जातो. तर्क चुकीचा नाही. पण घरातला रात्रीचा एसी हाच तर्क आपल्यालाही लावू शकतो. कोणता युनिट आधी जळला आणि कोणता नंतर, हे मीटर सांगत नाही. सरासरी दर दोन्ही बाजूंना समान न्याय देतो आणि समजावून सांगायलाही सोपा, म्हणून नोंदीसाठी तोच बरा. स्थिर आकार वगळणे हीदेखील सावध बाजू. तो घरासाठी भरावाच लागला असता.

बिलात जे काम नाही, ते बाहेर

बिलाच्या शेवटी छापलेली देय रक्कम आणि त्या महिन्याची वीज या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मागील थकबाकी, उशिराचा आकार, व्याज, वाढीव सुरक्षा ठेव हे सगळे त्या एकाच रकमेत मिसळलेले असते. हिशेबाला घ्यायचे ते चालू वापराचे आकडे. रीडिंग न मिळाल्याने सरासरीने आलेले बिलही ओळखावे. त्यात चालू आणि मागील रीडिंगच्या जागी प्रत्यक्ष आकडे नसतात, किंवा मीटरवरच्या आकड्याशी ते जुळत नाहीत. अशा महिन्यात मीटरचा फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या दुरुस्त बिलावरून नोंद सुधारावी. बिलाचा काळ पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत असेलच असे नाही, म्हणून कामाचे तासही रीडिंगच्या तारखांनुसार मोजावेत.

छतावर सौरपॅनेल असतील तर सरासरी दर आणखी खाली येतो. दुपारची बरीचशी वीज छतावरूनच आलेली असते आणि तिचे बिल भरलेलेच नसते. न भरलेल्या पैशांचा खर्च दाखवता येत नाही, म्हणून अशा घरात प्रत्यक्ष भरलेल्या रकमेचे एकूण वापराशी प्रमाण लावावे.

बिल सासऱ्यांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असले, तर ते कामाच्या खात्यातून भरल्याचा पुरावा आणि घर कोणाचे, राहते कोण याची साधी नोंद जवळ हवी. नाव वेगळे आणि पैसेही दुसऱ्यानेच भरलेले, अशा बिलाचा वाटा स्वतःच्या खर्चात धरू नये.

घरून काम केले म्हणून व्यापारी दर लागेल, ही भीती अनेकांना असते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात वकील, डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल यांसारख्या व्यावसायिकांनी राहत्या घरातून केलेल्या कामाला घरगुती वर्गवारीत जागा दिलेली आहे. घराच्या काही भागातून धंदा करणाऱ्यांसाठी महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांची मर्यादा होती. ती ओलांडणाऱ्यांची वर्गवारी बदलू शकते. वर्षाची बेरीज वहीत असली की आपण या रेषेच्या किती जवळ आहोत, हेही दिसते.

नोंद कशी ठेवावी

परदेशातल्या मराठी घरांत हा खटाटोप काही ठिकाणी ठोक दराने टाळता येतो. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून घरून केलेल्या कामाच्या तासाला ७० सेंट असा दर आहे. वीज, इंटरनेट, फोन त्यातच आले आणि पगारदारालाही तो मिळतो. पण तिथेही वर्षभराच्या प्रत्यक्ष तासांची नोंद मागितली जाते. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेला अंदाज चालत नाही. भारतात विजेसाठी असा ठोक दर नाही, त्यामुळे तासांबरोबर वॅटही लिहावे लागतात.

कागद मोजकेच लागतात. पहिला, उपकरणांचा तक्ता : नाव, मोजलेले वॅट, कसे मोजले, कोणत्या तारखेला. तो वर्षातून दोनदा, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात, तपासला तरी पुरे. नवा संगणक किंवा पंखा आला की पुन्हा. दुसरा, कामाच्या तासांची रोजची एक ओळ, एसीचे तास वेगळे. संध्याकाळी त्याच संगणकावर मुलांनी पाहिलेला सिनेमा या ओळीत येणार नाही. तिसरा, बिलाची प्रत आणि पैसे भरल्याची पावती. महिन्याच्या पानावर कामाचे युनिट, सरासरी दर आणि रक्कम एवढ्या तीन आकड्यांत हिशेब संपतो.

शेवटी एक ताळा करून पाहावा. बिलाच्या एकूण युनिटांतून कामाचे युनिट वजा केले की घराचे उरतात. नमुना घरात डिसेंबरमध्ये १०३ उरले. फ्रिज आणि गिझर मिळून त्यातले साठच्या आसपास नेतील, बाकीचे दिवे, टीव्ही आणि धुण्याचे यंत्र. हे पटण्यासारखे आहे. उरलेला आकडा फ्रिजलाही पुरणार नाही इतका लहान येत असेल, तर कामाच्या बाजूला कुठेतरी लेबलवरचे वॅट किंवा फुगवलेले तास शिरले आहेत असे समजून तक्ता पुन्हा तपासावा.

नमुना घराचे दोन महिने मिळून ‘निम्मे’ने २,२९३ रुपये झाले असते, मोजून झाले १,२९७. दावा हजार रुपयांनी कमी झाला खरा, पण या १,२९७ मधल्या प्रत्येक रुपयामागे मीटरचा आकडा आहे. पुढचे बिल येईल तेव्हा त्यावरची रीडिंगची तारीख पाहावी आणि त्या दिवसापासून तासांची वही सुरू करावी.